मार्केटिंग आणि सेल्स एकच का?

प्रश्न: बारावी झालीय, सांगलीत राहतो. मार्केटिंग आणि सेल्स एकच असतं ना? कशात जाऊ?

एक नाही रे. समज एका कंपनीला तासगाव भागात द्राक्षाचं विद्राव्य खत विकायचंय. मार्केटिंगवाला ऑक्टोबर छाटणीच्या बऱ्याच आधी कामाला लागतो, बागायतदार सध्या काय टाकतात, कुणाचं ऐकतात, पिशवी किलोची की पंचवीस किलोची, भाव काय, मग कुणाच्या तरी बागेत डेमो प्लॉट आणि गावात शेतकरी मेळावा. सेल्सवाला गाडी काढून कृषी सेवा केंद्रं फिरतो, ऑर्डर घेतो आणि उधारी वसूल करतो, हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण द्राक्षाचे पैसे आल्याशिवाय शेतकरी दुकानदाराला देत नाही आणि दुकानदार तुला देत नाही.

माल दुकानात पडून आहे पण कुणी मागत नाही, तर बहुतेक मार्केटिंग कमी पडलं. शेतकरी नाव घेऊन मागतोय पण दुकानात मालच नाही, तर सेल्सकडं बघायचं.

आणि जाहिरातीत 'मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' असलं तरी काम बऱ्याचदा सेल्सचंच निघतं, म्हणून मुलाखतीत सरळ विचार, महिन्याचं टार्गेट रुपयांत आहे का, वसुली माझ्याकडं का? हो म्हणाले तर सेल्स समज. माझं मत, आधी दोनेक वर्षं सेल्स कर, दुकानदार काय बोलतो ते तिथंच कळतं.