पाचशे शब्दांत एकच प्रश्न बसतो

प्रश्न: पीएचडीच्या अर्जासाठी स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे एसओपी, ५०० शब्दांत मागितलाय. माझे रिसर्च इंटरेस्ट चार आहेत, सगळे बसत नाहीत. काय कापू? की इंटरेस्ट जरा व्यापक शब्दांत लिहून भागेल?

उत्तर: भागणार नाही. चारातले तीन कापा. चौथाही 'इंटरेस्ट' म्हणून न लिहिता प्रश्न म्हणून लिहा, म्हणजे वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देता आलं पाहिजे.

इतकं ठासून सांगते, कारण हाच वाद आमच्या घरात झाला आणि अजून मिटलेला नाही. मी मृदाशास्त्रातली. नोकरीची सगळी वर्षं गोव्यातल्या खाडीकाठच्या खाजन जमिनींतला क्षार मोजण्यात गेली. माझ्या भाचीने एमएस्सीला तोच विषय घेतला आणि परदेशात पीएचडीला अर्ज करायचं ठरवलं. चवथीला फोंड्याला दादाकडे गेले, तेव्हा तिने एसओपीचा मसुदा हातात दिला. तेराशेच्या वर शब्द, आणि मर्यादा पाचशेची. मसुदा पणजीतल्या एका सल्लागाराकडून पैसे देऊन तपासून घेतलेला. त्याने समासात लिहिलं होतं, 'गोव्याचा उल्लेख कमी करा, विषय ग्लोबल वाटला पाहिजे.' म्हणून तिने 'खाजन' हा शब्दच काढून टाकला होता आणि जागी 'विकसनशील देशांतील किनारी परिसंस्था' घातलं होतं. इंटरेस्टच्या ओळीत किनारी परिसंस्था, हवामानबदल, रिमोट सेन्सिंग, मशीन लर्निंग आणि शाश्वत शेती, सगळं एका माळेत.

मला राग आला आणि तो मी लपवला नाही. दोन वर्षं चिखलात गुडघाभर उभं राहून ही मुलगी माती काढत होती, आणि कागदावर तिचं ते कामच दिसत नव्हतं. ती ओळ कुणाही अर्जदाराची असू शकली असती. दादाने सल्लागाराची बाजू घेतली. तो बोटीवरचा माणूस. म्हणाला, "चार गळ टाकले तर एकाला तरी मासा लागेल." मी म्हटलं, समोर मासा नाहीये, शंभर अर्ज वाचून थकलेला प्राध्यापक आहे. त्याला एवढंच ठरवायचंय, की ही मुलगी माझ्या कामाला जोडता येईल का. पाच विषय वाचून त्याला इतकंच कळतं, की हिचं अजून ठरलेलं नाही.

मग आम्ही दोघी माळ्यावर जाऊन बसलो. मी मसुदा बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, "तुझ्या मोजमापात तुला न पटलेलं काय होतं?" ती लगेच म्हणाली, "आत्या, मानशीपासून लांब गेलं तरी उन्हाळ्यातला क्षार कमी होत नाही."

हे नीट सांगते, कारण सगळी गंमत इथेच आहे. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीच्या खाली असलेली, बांध घालून खाडीपासून राखलेली शेती. बांधात मानस, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी झडप, असते. भरती चढली की पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. पावसाळ्यात वरचा क्षार धुतला जातो म्हणून भात पिकतं. बांध फुटला किंवा दारं कुजली की खारं पाणी आत येतं. पण दुरुस्ती झाल्यावरही मार्च-एप्रिलमध्ये माती पुन्हा खारट होते. का? दोन शक्यता. एक, मानस अजून गळतेय. दोन, खालचं भूजलच खारं आहे आणि जमीन तापून सुकली की ते केशाकर्षणाने वर चढतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो.

दोन्हींच्या खुणा वेगळ्या. गळती असेल तर मानशीजवळ क्षार जास्त, दूर कमी, आणि उधाणाच्या भरतीला वाढणार, भांगाला उतरणार. भूजल असेल तर अंतराने फारसा फरक पडणार नाही. खोलवर क्षार आधी दिसेल आणि उन्हाळा सरकेल तसा पृष्ठभागाकडे येईल. भाचीने फक्त वरच्या पंधरा सेंटिमीटरची माती घेतली होती, त्यामुळे तिला अर्धंच उत्तर मिळालं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे तिची पीएचडी. हे तिच्या तोंडून निघालं, तेव्हा एसओपीचं काम निम्मं संपलं.

आता काय कापायचं ते. कसोटी एकच ठेवली: हा इंटरेस्ट त्या प्रश्नाचं कोणतं काम करतो? रिमोट सेन्सिंगवर तिचे सव्वाशे शब्द होते. पण उपग्रहाच्या साध्या चित्रात पावसाळाभर ढगच दिसतात, आणि अर्धा मीटर खोलीचा क्षार कुठल्याच ऋतूत दिसत नाही. पडीक शेतं कुठली हे शोधायला ती चित्रं कामाची, म्हणून सव्वाशेचे सहा शब्द झाले: 'शेतांची निवड उपग्रहचित्रांवरून करीन' एवढ्या अर्थाचे. मशीन लर्निंग पूर्ण गेलं. मूठभर नमुन्यांवर त्याचं काही काम नाही, आणि जाणकार वाचक ते लगेच ओळखतो. हवामानबदल गेला, कारण समुद्राची पातळी वाढतेय हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. सुवर्णपदक आणि अभ्यासक्रमांची यादी गेली, ती सीव्हीत आणि गुणपत्रिकेत आहेच. आजोबांच्या शेतात पाणी शिरल्याची लहानपणची आठवण दीडशे शब्दांची होती. तिथे ती रडवेली झाली. मी ती एका वाक्यावर आणली. पर्सनल स्टेटमेंट वेगळं मागत असतील तर ती तिथे पूर्ण लिही म्हटलं.

शब्द कमी करणं म्हणजे विशेषणं छाटणं, असा अनेकांचा समज असतो. तेवढ्याने तेराशेचे पाचशे होत नाहीत. वाक्य काय सांगतंय तेच बदलावं लागतं. तिचं वाक्य होतं (मूळ इंग्रजी, मराठीत सांगते): 'एमएस्सीच्या प्रबंधाच्या निमित्ताने मला किनारी जमिनीतील क्षारतेचा सखोल अभ्यास करण्याची बहुमोल संधी मिळाली, ज्यातून माझी संशोधनाची आवड वाढली.' ते असं झालं: 'प्रबंधासाठी मी मानशीपासून वाढत्या अंतरावरच्या मातीची विद्युत वाहकता मोजली, मे महिन्यात सर्वांत लांबच्या शेतातही ती ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर होती.' लांबी जवळपास तीच. पण पहिल्या वाक्यातून काहीच कळत नाही. दुसऱ्यातून पद्धत कळते, निष्कर्ष कळतो, आणि ४ च्या वरची माती क्षारयुक्त धरतात हे मातीवाल्याला सांगावं लागत नाही.

शेवटी वाटणी अशी पडली. प्रश्न आणि तो का महत्त्वाचा, ११० शब्द. केलेलं काम आणि त्यातून काय अडलं, १७०. तिथे जाऊन काय करीन आणि कुणाकडे, १४०. पुढे काय करायचंय, ५०. उरलेले तीस मोकळे. 'खाजन' शब्द परत आला, सोबत एका ओळीत अर्थ. आणि सल्लागाराला हवं असलेलं 'ग्लोबल' एका अर्ध्या वाक्यात बसलं: बांग्लादेशातल्या बांधबंदिस्त पोल्डरमध्येही हाच प्रश्न आहे.

'कुणाकडे' या भागात बहुतेकांचे शब्द वाया जातात. 'आपले जगप्रसिद्ध विद्यापीठ' असलं काही नको. भाचीने दोनच नावं दिली, एक मातीतून क्षार कसा वाहतो यावर काम करणारं, दुसरं खाडीकाठच्या भूजलावरचं, आणि प्रत्येकापुढे तिच्या प्रश्नाचा कोणता तुकडा ते लिहिलं. नाव घालण्याआधी त्यांच्या पानावर बघा, यंदा विद्यार्थी घेताहेत का, निवृत्त तर झाले नाहीत ना. विद्यापीठाचं नाव बदलूनही तो परिच्छेद तसाच चालत असेल, तर तो नव्याने लिहा.

मुलाखतीत तिला पहिलाच प्रश्न विचारला गेला, की मानस बंद असताना बांधाच्या खालून पाणी झिरपत नसेल कशावरून? ही तिसरी शक्यता. तिने मोकळेपणाने सांगितलं, की बांधालगत नळ्या पुरून भूजलाची पातळी आणि क्षार भरती-ओहोटीबरोबर हलतात का ते बघावं लागेल. अर्धा तास फक्त यावर बोलणं झालं. व्यापक ओळ लिहिली असती तर त्या माणसाने विचारलं काय असतं? प्रवेश मिळाला. दादा म्हणतो नशीब. तो माझ्याबद्दलही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलाय, की मी एका खाजनात अडकून पडले, चार ठिकाणी हात घातला असता तर कुठल्या कुठे गेले असते. मी अडकलेली नाही. शेतकरी मला विचारायला येतात की यंदा भात लावू का, आणि मी माती बघून उत्तर देऊ शकते. चार विषयांत थोडं थोडं माहीत असतं तर मला ते सांगता आलं नसतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जीवशास्त्रातल्या ज्या पीएचडीत पहिल्या वर्षी वेगवेगळ्या लॅबमधून फिरवतात, तिथे एकमेकांशी जोडलेले दोन प्रश्न चालतात, किंबहुना एकच लॅब धरून बसलेलं आवडत नाही. नुसत्या शिकवणीच्या मास्टर्सला इतका टोकदार प्रश्न लागत नाही, तिथे कोर्स का हवेत ते लिहा. युरोपात पुष्कळ ठिकाणी संशोधनाचा आराखडा वेगळा मागतात, तेव्हा पद्धत तिकडे जाते आणि एसओपीत जागा सुटते. आणि लिहिलेल्या प्रश्नाला पाच वर्षं बांधून घेत नाहीत. तिथे गेल्यावर विषय बदलणारे खूप असतात, म्हणून उरलेले तीन कापताना जीव कासावीस करू नका.

शब्दांची मोजणी अर्जाच्या पोर्टलवर करा, वर्डवर विसंबू नका. वर्ड दोन मोकळ्या जागांमधलं सगळं एक शब्द धरतं, त्यामुळे जोडरेघेने जोडलेले दोन शब्द तिथे एक होतात. दुसरीकडे ते दोन मोजले जाऊ शकतात. काही रकाने शब्दांऐवजी अक्षरं मोजतात आणि मर्यादा आली की पुढचं कापून टाकतात. म्हणून मजकूर पेस्ट केल्यावर शेवटचं वाक्य पूर्ण आलंय ना ते बघा, आणि ते मोकळे तीस शब्द भरून काढू नका.