सीट खाली केली म्हणजे सायकल बसली, असं नसतं

प्रश्न: रोज ऑफिसला जायला साधी सायकल घ्यायची आहे, कोल्हापुरातच, सात-आठ किलोमीटर. उंची ५ फूट ४ इंच. फ्रेम, गिअर, टायर, ब्रेक यातलं काही कळत नाही. काय बघून घेऊ?

भावा, माझी उंचीही तेवढीच, म्हणून लिहितोय. माझ्या भावजींनी मला १९ इंची फ्रेम घ्यायला लावली. "मोठी घे, टिकते." अहो, मी चौतिशीत, वाढत्या अंगाची घ्यायला मी काय पाचवीत होतो?

दुकानात टेकत नव्हते पाय. दुकानदारानं सीट पार तळाला नेली आणि म्हणाला, "बसली की!" इथंच फसलो. सीट खाली गेल्यानं हँडल जवळ येत नाही. रंकाळ्यावरून विद्यापीठापर्यंत रोज मी हँडलवर ओणवा पडून जायचो. पंधरा दिवसांत तळवे बधिर, मान आखडलेली. शिवाय सीट खाली, म्हणून गुडघा कायम दुमडलेला. वाटीपुढं दुखायला लागलं. मग सीट वर घेतली, गुडघा थांबला, पण हात आणखी ताणले. हँडल फ्रेमला जोडणारा स्टेम १०० मिमीचा काढून ७० चा टाकला, तेव्हा मान जरा सुटली, पण सायकल वळताना चुळबुळ करायला लागली. शेवटी विकली आणि १७ इंची घेतली.

मोजायचं असं: अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, जांघेत जाड पुस्तक घट्ट धरा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. माझं ७६ सेंटिमीटर आलं. दुकानात आडवी नळी दोन्ही पायांच्या मधे घेऊन, पाय जमिनीवर टेकून उभं राहिलं, की नळी आणि जांघ यांत दोन-तीन बोटं जागा पाहिजे. १९ इंचीवर माझी नळी अंगाला लागत होती आणि मी हसत होतो. मग सीट अशी लावा, की टाच खालच्या पेडलवर ठेवली तर पाय सरळ होईल. तसं बसून हँडल धरल्यावरही कोपरं सैल वाकली पाहिजेत. वाकली नाहीत, तर सायकल मोठी.

गिअर पुढं एक, मागं सात, बास. टेंबलाईकडचा चढ तेवढ्यात निघतो. २१ गिअरमधले निम्मे एकमेकांसारखेच, वर पुढं साखळी घासत बसते. टायर ३५ किंवा ३८ मिमीचे, खड्ड्यांना पुरतात. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यांतच भरायची. ब्रेक रिमला दाबणारे व्ही ब्रेकच घ्या, त्यांचे रबरी शू कुठंही मिळतात. स्वस्तातली डिस्क वाकली की चर्र-चर्र करत राहते. फक्त जुलैत रिम ओली असते, चाकाचा पहिला फेरा पाणी पुसण्यातच जातो, म्हणून ब्रेक आधीपासून दाबा. आणि मडगार्ड लावाच, नाहीतर पाठीवर चिखलाची रेघ.

एक सांगायचं राहिलं: एका कंपनीचं १७ म्हणजे दुसरीचं १७ नसतं, आणि तुमचे हात लांब असतील तर माझं गणित थोडं चुकेल. पुस्तक घेऊनच दुकानात जा.

भावजी अजून म्हणतात, "तुला सवय झाली असती रे."