लोखंडाच्या विभवांची थेट बेरीज का चुकते?

«Fe³⁺ → Fe²⁺ साठी +०.७७ व्होल्ट, Fe²⁺ → Fe साठी −०.४४. मग Fe³⁺ → Fe साठी +०.३३ का नाही?»

कारण विभव हा प्रत्येक कूलोम प्रभारामागचा ऊर्जेचा भाव आहे, आणि इथे दोन पायऱ्यांत इलेक्ट्रॉन सारखे नाहीत: पहिलीत एक, दुसरीत दोन. बाजारात भावांची बेरीज करून बिल निघत नाही, आधी वजनाने गुणावं लागतं. मुक्त ऊर्जा हे ते बिल. ती फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या अवस्थेवर ठरते, म्हणून पायऱ्यांची बेरीज चालते. ΔG° = −nFE° वापरून:

- पहिली पायरी: −१ × ०.७७ F = −०.७७ F
- दुसरी: −२ × (−०.४४) F = +०.८८ F
- एकूण: +०.११ F

आता तीन इलेक्ट्रॉनांनी भागा: E° = −०.११ ÷ ३ ≈ −०.०४ व्होल्ट. तक्त्यातही हेच मूल्य सापडतं. थेट बेरजेत तर चिन्हही उलटं येतं, म्हणजे अभिक्रियेची दिशाच चुकते.

मात्र पूर्ण घटाचं विभव काढताना कॅथोडमधून ॲनोड सरळ वजा केलेला चालतो. तिथे दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन समान असतात, त्यामुळे n दोन्हीकडून कटतो.