वाकडचा फ्लॅट, डब्लिनचा खरेदीदार आणि कन्सल्टंटचा मेल

प्रश्न: मी डब्लिनला असतो. वाकडला ९० लाखांचा फ्लॅट बघितलाय, काम चालू आहे. कन्सल्टंटने मेल केलाय, आत्ता २५ लाख भरून रेट लॉक करा, अ‍ॅग्रीमेंट नंतर करू, आणि त्यांच्या ऑफिसमधल्या माणसाच्या नावे जनरल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी पाठवा म्हणजे तुम्हाला यायलाच नको. पाठवू का?

उत्तर: नका पाठवू. फ्लॅट चांगला असेलही, पण या दोन्ही अटी मान्य करू नका.

रेरा कायद्याप्रमाणे अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डरला १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत, म्हणजे तुमच्या केसमध्ये ९ लाख, बस. अ‍ॅग्रीमेंट नसताना २५ लाख गेले आणि उद्या मजला बदलला किंवा ताबा लांबला, तर हातात असते नुसती पावती. कन्सल्टंटला दोन नंबर मागा, प्रोजेक्टचा महारेरा नंबर आणि त्याचा स्वतःचा एजंट नंबर, आणि दोन्ही महारेराच्या साइटवर टाकून बघा, ताब्याची तारीख तिथेच दिसेल. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

आता पॉवरचं. ती लागेलच, पण स्पेशल करा, आणि बाबांच्या किंवा बहिणीच्या नावे करा, विकणाऱ्याच्या माणसाच्या नावे अजिबात नाही. त्यात फ्लॅट नंबर, बिल्डिंग, प्रोजेक्टचं नाव लिहा आणि अधिकार एवढेच द्या की अ‍ॅग्रीमेंटवर सही करायची आणि रजिस्ट्रेशनला हजर राहायचं. विकायचा, गहाण ठेवायचा, पैसे घ्यायचा अधिकार नाही असं स्पष्ट लिहा. लोन घेणार असाल तर बँकेचा स्वतःचा मसुदा असतो, तो आधी मागवा, नाहीतर सगळं परत करावं लागतं. सही डब्लिनच्या भारतीय दूतावासात करा किंवा नोटरीपुढे करून त्यावर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का, घ्या. मूळ प्रत कुरियरने इथे आली की ३ महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राची स्टॅम्प ड्युटी भरायची असते, हे लोक विसरतात आणि मग ऐन रजिस्ट्रेशनच्या दिवशी काम अडतं.

पैशांचा हिशोब फक्त ९० लाखांवर धरू नका. ७ टक्क्यांनी स्टॅम्प ड्युटी ६.३० लाख, रजिस्ट्रेशन ३० हजार, ५ टक्के जीएसटी ४.५० लाख, म्हणजे वरचे ११ लाख १० हजार वेगळे तयार ठेवा. आणि बिल्डर भारतातला असल्यामुळे किमतीवर १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून सरकारकडे भरायचाय, तो त्याच्याच पैशातून जातो.

सगळे हप्ते तुमच्या एनआरई खात्यातून प्रोजेक्टच्या रेरात नोंदवलेल्या खात्यात जाऊ द्या, बाबांच्या सेव्हिंगमधून सोयीसाठी म्हणून नको आणि कॅश तर मुळीच नाही. पुढे फ्लॅट विकून रक्कम आयर्लंडला न्यायची वेळ आली की बँक आधी हेच विचारते, घेताना पैसे कुठून आले होते, तेव्हा स्टेटमेंट आणि पावत्या एका फोल्डरमध्ये आत्तापासून ठेवा.

कन्सल्टंटला आजच एवढं लिहा: ९ लाख देतो, आधी अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट पाठवा, माझा वकील वाचेल.