मथळ्याचा फाँट, मजकुराचा फाँट आणि शाळेचा अंक

प्रश्न: नाशिकच्या आमच्या शाळेचा वार्षिक अंक यंदा माझ्याकडे आहे. मथळ्यांना कोणता फाँट आणि मजकुराला कोणता, म्हणजे अंक एकसंध दिसेल? मराठी, हिंदी, संस्कृत आणि इंग्रजी असे चारही विभाग आहेत.

उत्तर: मजकूर Tiro Devanagari Marathi मध्ये लावा, मथळे Mukta च्या ExtraBold मध्ये. दोन्ही गूगल फाँट्सवर फुकट मिळतात आणि छापायला परवानगी लागत नाही. तिसरा फाँट फक्त मुखपृष्ठावर, तोही हवाच असेल तर.

जोडी लावताना बहुतेक जण मथळ्यापासून सुरुवात करतात. डीटीपीवाल्याकडे बसून नक्षीदार अक्षर निवडायचं आणि मजकूर संगणकात असेल त्या फाँटमध्ये सोडून द्यायचा, ही पद्धतच चुकीची आहे. अंकाचा नव्वद टक्के भाग मजकुराचा असतो. आधी तो ठरवा, मग त्याच्याशेजारी कोण उभं राहू शकतं ते बघा. तिरोच्या अक्षरात बोरूच्या लेखणीसारखा जाड-बारीकपणा आहे. मुक्ताची रेघ जवळजवळ सगळीकडे सारख्या जाडीची आहे. हा फरक लांबूनही कळतो, म्हणून जोडी जमते. जाड-बारीक वळणाचेच दोन वेगळे फाँट मथळ्याला आणि मजकुराला घेतले, तर वाचणाऱ्याला ती निवड वाटत नाही, नजरचूक वाटते.

पण खरी गडबड ल आणि श मध्ये होते, आणि तिकडे कोणी बघत नाही. मराठी वळणात ल ला दोन पाकळ्या असतात आणि श ला देठ असतो. शासनाच्या प्रमाण वर्णमालेतही हीच रूपं आहेत. हिंदी वळणाचे ल आणि श वेगळे, आणि अनेक फाँट उघडले की आधी तेच दिसतात. आता ‘पांडवलेणीची सहल’ हा मथळा घ्या. त्यात दोन ल आहेत. मथळ्यात ते हिंदी वळणाचे आणि खाली मजकुरात मराठी वळणाचे आले, तर कारण सांगता येत नाही पण पान परकं वाटतं. तुमच्या अंकात तर ‘नाशिक’ आणि ‘शाळा’ हे शब्द पानोपानी येणार, म्हणजे श ची विसंगतीही पानोपानी दिसणार.

तिरोचा फायदा इथे आहे. त्याच्या मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन स्वतंत्र आवृत्त्या आहेत. मराठी आवृत्तीत ल आणि श आपल्या वळणाचे येतात, भाषा निवडण्याची भानगड नाही. हिंदी विभागाला Tiro Devanagari Hindi लावा, संस्कृतला Tiro Devanagari Sanskrit. हात एकच असल्यामुळे विभाग बदलला तरी अंक बदलत नाही. रोमन अक्षरंही याच फाँटमध्ये आहेत, तेव्हा इंग्रजी विभागासाठी Times New Roman आणायची गरज उरत नाही.

मथळ्याच्या फाँटमध्ये मात्र ही रूपं भाषेच्या सेटिंगवर अवलंबून असू शकतात. लिबरऑफिसमध्ये `Format > Character` उघडून CTL Font खाली भाषा Marathi करा. इनडिझाइनमध्ये Character पॅनलमध्ये भाषा Marathi करा आणि परिच्छेदाला Adobe World-Ready Paragraph Composer लावा, नाहीतर जोडाक्षरंच मोडतात. मग ल आणि श पुन्हा बघा. वळण बदललं नाही, तर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो फाँट मराठी मथळ्याला चालणार नाही. दुसरा शोधा. Baloo 2 आणि Eczar हेही असेच तपासून बघा. तपासायला ही ओळ वापरा: ‘दुसऱ्या सुट्टीत शाळेतल्या ॲनीने बॅट, ऑर्गन आणि कुऱ्हाड श्रीधरला दिली.’ जुन्या किंवा हौशी फाँटमध्ये ॲ च्या जागी चौकट येते, नाहीतर ते एकच अक्षर भलत्याच फाँटमधून उसनं येतं. ऱ्या चा अर्धा र सुद्धा तिथेच फसतो.

आता मापं. अंक ए-४ आकाराचा आणि मजकूर दोन रकान्यांत, असं धरतो. मजकूर तिरो १२ पॉइंट, ओळींमधलं अंतर १८ पॉइंट. लेखाचा मथळा मुक्ता ExtraBold २६ पॉइंट, अंतर ३५. उपमथळा मुक्ता SemiBold १३, लेखकाचं नाव आणि इयत्ता मुक्ता Medium ११, फोटोखालची ओळ मुक्ता Regular साडेनऊ. बस, एवढ्या पाच स्टाइल बनवा आणि हाताने काही बदलू नका. वर्डमध्ये ओळींचं अंतर Single ठेवू नका, Exactly करून आकडा द्या. प्रत्येक फाँट आपलं अंतर आपल्याबरोबर आणतो. मुक्ता आणि तिरो दोघांना Single दिलं, तर एकाच पानावर दोन वेगळ्या लयी दिसतात. मथळ्याला ३५ एवढं मोकळं अंतर देण्याचं कारण म्हणजे दोन ओळींचा मथळा. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी किंवा रफार एकमेकांत घुसतात. इंग्रजी मथळ्यासारखं घट्ट अंतर मराठीला चालत नाही.

तिरोमध्ये ठळक वजन नाही, फक्त सरळ आणि तिरकं आहे. B दाबलं तर सॉफ्टवेअर अक्षराला नुसती सूज आणतं, ष, क्ष, द्ध यांच्या पोटातली जागा भरून जाते आणि छापल्यावर डाग दिसतात. मजकुरात एखादा शब्द ठळक हवा असेल, तर तो मुक्ता SemiBold मध्ये घ्या. तसं करताना ‘कमल’ हा शब्द दोन्ही फाँटमध्ये शेजारी शेजारी लिहा आणि शिरोरेषेची उंची जुळते का ते बघा. पॉइंट सारखे असले तरी अक्षरं सारख्या उंचीची नसतात. शिरोरेषा एका रेषेत येईपर्यंत मुक्ताचा आकार अर्ध्या अर्ध्या पॉइंटने बदला.

मथळा रकानाभर पसरावा म्हणून अक्षरांमधलं अंतर कधीही वाढवू नका, शिरोरेषा तुटते. अक्षरं आडवी ताणूही नका. दंड जाड होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच राहते. मथळा छोटा असेल तर छोटा राहू द्या, शेजारी पांढरी जागा सोडा.

आता ज्यांना ‘प्रत्येक लेखाला त्याच्या विषयाप्रमाणे वेगळं अक्षर’ हवं असतं त्यांच्याबद्दल. विज्ञानाच्या लेखाला टोकदार, कवितेला वळणदार, सहलीला गमतीदार अक्षर असा आग्रह शिक्षकच जास्त धरतात, आणि तो मला मुळीच मान्य नाही. विषय चित्रातून दाखवा, रंगाच्या पट्टीतून दाखवा. दहा लेखांना दहा अक्षरं दिली की वाचणाऱ्याला दहा जाहिराती दिसतात. मूल आपला लेख त्याच्या नावावरून शोधतं, नाव सगळीकडे एकाच जागी आणि एकाच अक्षरात असेल तर पटकन सापडतं.

एक अपवाद आहे. अंक ऑफसेटवर न छापता रिसोवर किंवा झेरॉक्सवर काढणार असाल, तर तिरोच्या बारीक रेघा तुटू शकतात. एक पान आधी त्याच यंत्रावर, त्याच कागदावर काढून ‘ण’ आणि ‘त’ ची बारीक टोकं बघा. तुटत असतील तर जोडी उलटी करा: मजकूर मुक्ता Regular साडेअकरा पॉइंट आणि मथळे तिरोमध्ये, ठळक न करता, ३० पॉइंट. एवढ्या मोठ्या आकारात तिरोची बारीक रेघही टिकते. पहिली-दुसरीच्या मुलांची पानं असतील तर तिथेही मुक्ताच मजकुराला घ्या, १६ पॉइंट.