हॅश इंडेक्सचं O(1) नेमकं वाचवतं काय?

प्रश्न: पोस्टग्रेसमध्ये बुकिंगचं टेबल आहे, १ कोटी रो. सर्च फक्त `booking_id = ?` एवढाच, रेंज नाही, सॉर्ट नाही. कॉलेजात एक्स्टेंडिबल हॅशिंग शिकलो, O(1). मग सगळे बी-ट्रीच ठेव का म्हणतात?

आधी एक साधी गोष्ट बघा, `booking_id` ही तुमची प्रायमरी की असणार ना? मग तिच्यावर बी-ट्री ऑलरेडी आहेच, आणि तो काढताही येणार नाही, कारण पोस्टग्रेसमध्ये युनिक फक्त बी-ट्रीच सांभाळतो, हॅश इंडेक्सला `UNIQUE` लावताच येत नाही. म्हणजे तुम्ही बी-ट्रीच्या जागी हॅश ठेवणार नाही आहात, तर बी-ट्रीच्या बाजूला अजून एक इंडेक्स ठेवणार आहात, आणि प्रत्येक इन्सर्टला दोन्हीकडे लिहावं लागणार. मला वाटतं अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच संपतो.

पण समजा कॉलम दुसरा आहे, युनिक वगैरे काही नाही, खरंच फक्त `=` आहे. तरी मी बी-ट्रीच घेईन, आणि का ते सांगतो, कारण कॉलेजात O(1) विरुद्ध O(log n) एवढंच फळ्यावर लिहितात आणि तो लॉग कुठल्या बेसचा ते कोणी विचारत नाही.

पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं असतं. `bigint` ची एक एन्ट्री बी-ट्रीच्या पानात २० बाइट खाते (८ हेडर, ८ की, ४ पॉइंटर), पान ९० टक्के भरतात म्हणून एका लीफमध्ये साधारण ३६६ एन्ट्र्या बसतात. १ कोटीला भागा, सत्तावीस हजारांच्या आसपास लीफ पानं झाली. त्यांच्यावरची पातळी शंभरेक पानांची, आणि तिच्यावर एकच रूट. बस, तीन पातळ्या. लीफ सोडून वरचं सगळं मिळून ८०० केबीच्या आसपास, एवढं तर कुठल्याही सर्व्हरच्या कॅशमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत पडूनच असतं. म्हणजे डिस्कवर जायची पाळी आलीच तर ती लीफसाठी एकदा आणि टेबलातल्या रोसाठी एकदा.

आता तुमचं एक्स्टेंडिबल हॅशिंग घ्या. १९७९ मध्ये फेगिन, नीवरगेल्ट, पिपेंजर आणि स्ट्राँग यांनी पेपरात मांडलं, आणि त्यांचं वचनच असं होतं की कुठलीही की जास्तीत जास्त दोन पानं वाचून मिळेल, एक डिरेक्टरीचं आणि एक बकेटचं. कल्पना सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. हॅशचे शेवटचे काही बिट घ्यायचे, डिरेक्टरीत त्या नंबरचा खण बघायचा, खणात बकेटचा पत्ता असतो. बकेट भरली की तेवढीच दोन भागांत फोडायची, आणि खण कमी पडले तर डिरेक्टरी दुप्पट करायची.

ती दुप्पट होते कशी ते एकदा हाताने करून बघा. बकेटमध्ये ४ जागा, डिरेक्टरी एका बिटाची, म्हणजे दोन खण. खण ० च्या बकेटमध्ये ४, १२, १६, ३२ बसलेत, खण १ च्या बकेटमध्ये १, ५, २१ (हेच हॅश समजा). आता २० आला. सम आहे, म्हणून खण ० कडे गेला, तिथे हाऊसफुल. फोडा, दोन बिट बघा. पण ४, १२, १६, ३२ आणि २० या पाचांचेही शेवटचे दोन बिट ००च! सगळे परत एकाच बकेटमध्ये, १० ची बकेट रिकामी, काही फरक नाही. परत फोडा, तीन बिट. आता १६ आणि ३२ हे ००० मध्ये गेले, ४, १२, २० हे १०० मध्ये, सुटलो एकदाचे. पण एक नंबर घालायला डिरेक्टरी २ वरून ८ खणांची झाली, आणि त्या विषमवाल्या बकेटकडे आता ००१, ०११, १०१, १११ असे चार खण बोट दाखवतायत, तिला काहीच झालेलं नसताना. चांगल्या हॅश फंक्शनने हे क्वचित होतं हे खरं, पण एकच व्हॅल्यू हजारदा आली तर फंक्शन कितीही चांगलं असू दे, सगळे बिट सारखेच, कितीही फोडा ते वेगळे होणारच नाहीत, शेवटी ओव्हरफ्लोची पानं एकामागे एक जोडत बसायचं.

आता मुद्दा. १ कोटी रोना एका पानात ३०० च्या हिशोबाने ३३ हजारांच्या वर बकेट लागतील, म्हणजे डिरेक्टरी कमीत कमी १६ बिटांची, ६५,५३६ खण, प्रत्येकी ८ बाइट धरले तर ५१२ केबी. ही डिरेक्टरी म्हणजे काय आहे? बी-ट्रीच्या वरच्या दोन पातळ्यांची चुलत बहीण. ती पण मेमरीत, ह्या पण मेमरीत. त्यानंतर इथे बकेटचं एक पान, तिथे लीफचं एक पान, आणि दोन्हीकडे मग टेबलातला रो. डिस्कचा हिशोब सारखाच. हॅशने वाचवलं ते मेमरीतल्या एकदोन पानांवरची बायनरी सर्च, मायक्रोसेकंदांतली गोष्ट, आणि तुमचं अ‍ॅप नेटवर्कवरून क्वेरी पाठवतंय त्यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. गोव्यात रायबंदरला फेरी पकडायला आतल्या गल्लीतून स्कूटर काढून दोन मिनिटं वाचवतो आपण, पण चोडणला पोचतो ते फेरी पोचवेल तेव्हाच, तसं आहे हे.

आणि पोस्टग्रेसमध्ये तर एक्स्टेंडिबल नाहीच, तिथे लिनियर हॅशिंग आहे, लिटविनचं, १९८० चं. डिरेक्टरी नसते, बकेट ओळीने एकेक फुटत जातात, जी भरली तीच फुटेल असं नाही, म्हणून तोपर्यंत तिला ओव्हरफ्लोची पानं लागतात. इंडेक्समध्ये कीच्या जागी फक्त ४ बाइटचा हॅश कोड ठेवतात. वाटतं जागा वाचली, पण ते ४ अलाइनमेंटसाठी ८ होतात, म्हणजे `bigint` ला एन्ट्री परत २० बाइटचीच! वर पानं ७५ टक्केच भरायची पद्धत. १ कोटीला बी-ट्री २१४ एमबीच्या आसपास येतो, हॅश ३२,७६८ बकेट धरून २५६ एमबी. जास्तच.

स्वतः बघायचं असेल तर टेस्ट टेबलावर:

```sql
CREATE INDEX ix_h ON bookings USING hash (booking_id);
SELECT pg_size_pretty(pg_relation_size('ix_h'));
EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)
SELECT * FROM bookings WHERE booking_id = 7345121;
```

क्वेरी दोनतीनदा चालवा आणि `Buffers: shared hit=` चा आकडा बघा, प्लॅनमध्ये खरंच कुठला इंडेक्स घेतला तेही बघा. बी-ट्रीला ४ दिसेल, हॅशला त्याहून एकदोन कमी. मग खालचा `Execution Time` बघा आणि ठरवा, ह्यासाठी रात्र जागायची आहे का.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात, आणि बुकिंगच्या धंद्यात तीच मोठी आहे. बुकिंग नंबर वाढत जातो आणि लोक विचारतात ते बहुतेक ह्याच आठवड्याचं बुकिंग, डिसेंबरात मागच्या चवथीचं बुकिंग कोण शोधतोय? बी-ट्रीत नवे नंबर सगळे उजव्या टोकाच्या पानांत शेजारी शेजारी असतात, म्हणून तीच थोडी पानं गरम राहतात. हॅशचं तर कामच विखरायचं, आजची हजार बुकिंगं जवळपास हजार वेगवेगळ्या पानांत जाऊन पडतात. इंडेक्स मेमरीत मावला तोपर्यंत वाचताना कळत नाही, पण लिहिताना कळतं, कारण चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की पोस्टग्रेस ते पूर्ण पान वॅलमध्ये, म्हणजे क्रॅशनंतर डेटा परत उभा करायच्या लॉगमध्ये, लिहितो, आणि इथे दर इन्सर्टला पान नवं.

जुन्या लोकांचा हॅशवर राग आहे त्याचं कारण वेगळं, माझाही त्यात हात आहे. २०१६ चा जुलै, एका हॉटेलचं काम होतं, पोस्टग्रेस ९.५, व्हाऊचर कोडवर मीच हौसेने हॅश इंडेक्स टाकलेला. इंडेक्स बनवताना वॉर्निंग येते की हा वॅलमध्ये लिहिला जात नाही, वापरू नका, ती मी वाचली आणि सोडून दिली. आपल्याकडचा पाऊस, वीज गेली, यूपीएस पण बसला. सर्व्हर उठला, सगळं ठीक. संध्याकाळी रिसेप्शनवरून फोन, पाहुणा प्रिंट घेऊन उभा आहे, कोड टाकला तर सिस्टीम म्हणते असं व्हाऊचरच नाही, आणि त्याचंच नाव आजच्या चेक-इनच्या लिस्टमध्ये दिसतंय! लिस्ट तारखेच्या बी-ट्रीवरून येत होती, कोड हॅशवरून. `SET enable_indexscan = off` आणि `SET enable_bitmapscan = off` करून तीच क्वेरी मारली तर रो आला, मग उजेड पडला. `REINDEX` केल्यावर ठीक झालं, पण त्या दिवसाच्या शिव्या मी खाल्ल्या. २०१७ च्या व्हर्जन १० पासून हॅश इंडेक्स वॅलमध्ये जातो, म्हणून आज हे कारण सांगून कोणी घाबरवलं तर ते जुनं झालं.

आजचं कारण हे की "फक्त `=`" फार दिवस टिकत नाही. आज मोबाईल नंबरने शोधताय, उद्या मालक म्हणणार ह्या नंबरची शेवटची पाच बुकिंगं दाखव. बी-ट्री `(mobile, travel_date)` वर टाकला की झालं, थेट क्रमाने येतात. हॅशला दुसरा कॉलम चालतच नाही, क्रम त्याच्याकडे नाही, आणि की इंडेक्समध्ये नसल्याने इंडेक्स-ओन्ली स्कॅनही नाही. एकच मोबाईल हजारदा येत असेल, एजंटचा नंबर समजा, तर बी-ट्री व्हर्जन १३ पासून तो एकदा ठेवून पुढे पत्त्यांची यादी लावतो, हॅश तोच कोड हजारदा लिहितो.

मग हॅश घ्यायचा कधी? मी एकाच प्रकारात घेतो, की लांबलचक असेल तेव्हा. यूआरएलचा कॉलम घ्या, दोनशे तीनशे अक्षरांचा, त्यावर फक्त `=`. बी-ट्री पूर्ण यूआरएल लीफमध्ये ठेवणार, पानात तीसेक एन्ट्र्या बसल्या तर बसल्या, हॅश तिथेही २० बाइटच घेतो, म्हणजे इंडेक्स कितीतरी पट लहान. आणि एखादा टेक्स्ट फारच लांब आला तर बी-ट्री `exceeds btree version 4 maximum 2704` म्हणून इन्सर्टच नाकारतो, हॅशला त्याचं काही नाही. फक्त ४ बाइटच्या कोडमध्ये दोन यूआरएल कधीतरी एकाच कोडवर येतात, म्हणून पोस्टग्रेस टेबलातला रो काढून खरी व्हॅल्यू परत ताडून बघतो, ते तुम्हाला करायला नको.

मायएसक्यूएलवाले कोणी वाचत असतील तर इनोडीबीत `USING HASH` लिहून खूश होऊ नका, तो एरर न देता बी-ट्रीच बनवतो, `SHOW INDEX` मारून बघा.