व्हीपीसी म्हणजेच व्हीनेट? तक्ता पाठ करण्याआधी हे बघ

‘दादा, मी नागपुरात आयटी पार्कमध्ये एडब्ल्यूएसवर काम करते. जर्मनीला यायचंय. तिकडच्या जाहिरातींत अझुर नाहीतर गुगल क्लाउड मागतात. तिन्हींच्या सेवांच्या जोड्यांचा तक्ता पाठ केला तर मुलाखतीत भागेल का?’

स्टोरेजपुरतं भागेल. एस३, ब्लॉब स्टोरेज, क्लाउड स्टोरेज ही जोडी बऱ्यापैकी जुळते. नेटवर्कच्या ओळीवर मात्र तक्ता फसवतो, आणि मुलाखत घेणारे नेमके तिथेच खोदतात.

तक्त्यात व्हीपीसीसमोर व्हीनेट आणि पुन्हा व्हीपीसी लिहिलेलं असतं. पण एडब्ल्यूएसची व्हीपीसी एका रीजनपुरती असते आणि तिचा प्रत्येक सबनेट एकाच झोनमध्ये बसतो. अझुरचं व्हीनेटही एका रीजनचं, पण त्याचा सबनेट सगळ्या झोनमध्ये पसरतो. गुगलची व्हीपीसी जगभर एकच आणि सबनेट रीजनचा. म्हणून मुंबई आणि फ्रँकफर्टची मशीन खासगी आयपीने जोडायची तर पहिल्या दोघांत दोन नेटवर्क करून पीअरिंग करावं लागतं. गुगलमध्ये एकाच नेटवर्कचे दोन सबनेट पुरतात, वाट आपोआप तयार होते. मात्र नवीन कस्टम नेटवर्कमध्ये बाहेरून आत येणारं सगळं अडवलेलं असतं, तेव्हा फायरवॉलचा नियम द्यायला विसरू नकोस.

आता असा प्रश्न घे: वेबसर्व्हर ४४३ पोर्टवर सगळ्यांना खुला आहे, फक्त `203.0.113.7` हा पत्ता अडवायचा आहे. ‘अझुरची एनएसजी म्हणजे एडब्ल्यूएसचा सिक्युरिटी ग्रुप’ एवढंच पाठ असलेला इथे अडतो, कारण सिक्युरिटी ग्रुपमध्ये नकाराचा नियमच नसतो. अझुरच्या एनएसजीत परवानगी ३०० क्रमांकाला असेल तर नकार २०० ला टाकायचा. लहान आकडा आधी तपासला जातो. गुगलमध्येही तसंच, परवानगी १००० ला तर नकार ९०० ला. एडब्ल्यूएसमध्ये हे काम सबनेटच्या नेटवर्क एसीएलचं. तिथल्या डिफॉल्ट एसीएलमध्ये १०० क्रमांकाला सगळ्यांना परवानगी असते. नकार ११० ला टाकलास तर तो कधीच लागू होत नाही, ९० ला टाक.

एसीएल स्वतः नव्याने बनवलीस तर आणखी एक गोष्ट. सिक्युरिटी ग्रुप, एनएसजी आणि गुगलची फायरवॉल या तिघांना आलेल्या विनंतीचं उत्तर बाहेर सोडायचं हे आपोआप कळतं, एसीएलला कळत नाही. बाहेर जाणाऱ्या बाजूला १०२४ ते ६५५३५ पोर्ट उघडले नाहीत तर साइट नुसती लटकते. फ्लो लॉगमध्ये आत येताना `ACCEPT` आणि बाहेर जाताना `REJECT` दिसलं की कारण हेच समज.

निघण्याआधी नागपुरातच हे तिन्हीकडे हाताने करून बघ. झाल्यावर अझुरमध्ये रिसोर्स ग्रुप आणि गुगलमध्ये प्रोजेक्ट डिलीट केला की सगळं जातं. एडब्ल्यूएसमध्ये एकेक वस्तू शोधून काढावी लागते, आणि फेब्रुवारी २०२४ पासून तिथे पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचेही तासाला पैसे लागतात.